कॉल कोणत्या भावाला येणार?

एमटीएफ सुरू करून देताना आपण ग्राहकाला बहुधा एकच वाक्य ऐकवतो: नफा पटीत, तर तोटाही पटीत. त्यात अर्धाच हिशेब येतो. उरलेला अर्धा जबरी विक्रीत दडलेला असतो आणि तो कागदावर मांडल्याशिवाय कुणाला पटत नाही.

ग्राहकाचे स्वतःचे 4 लाख, ब्रोकरकडून 6 लाख. 500 रुपयांच्या भावाने 2,000 शेअर घेतले. व्याज वर्षाला 15 टक्के धरू, आणि मार्जिन कायम 30 टक्के राखायचे आहे असे समजू. तीन महिन्यांत भाव 400 वर आला. शेअरांची किंमत 8 लाख झाली, पण देणे व्याजासकट 6 लाख 22 हजारांवर गेले. ग्राहकाचे उरले 1 लाख 78 हजार. शेअर पडला 20 टक्के, ग्राहकाचे भांडवल गेले साडेपंचावन्न टक्के.

आता मार्जिन कॉल. 8 लाखांवर 2 लाख 40 हजार हवेत, म्हणजे तूट 62 हजारांची. ग्राहकाला वाटते, तेवढ्याचे शेअर विकले की भागले. तसे होत नाही. विक्रीचे पैसे कर्जात वळते होतात, ग्राहकाचा वाटा होता तेवढाच राहतो. 1 लाख 78 हजारांत 30 टक्के बसवायचे तर सुमारे 5 लाख 93 हजारांचेच शेअर ठेवता येतात. म्हणून 517 शेअर, म्हणजे 2 लाख 7 हजारांचा माल, 400 च्या भावाने विकावा लागतो. तूट 62 हजारांची, विक्री तिच्या तिपटीहून जास्त.

पुढे भाव पुन्हा 500 झाला तरी ग्राहकाकडे 1,483 शेअरच आहेत. देणे वजा जाता हाती 3 लाख 26 हजार. त्यानंतरचे व्याज, दलाली आणि कर मी धरलेलेच नाहीत. स्वतःच्या 4 लाखांत 800 शेअर घेऊन बसलेला माणूस मात्र त्याच दिवशी मुद्दलावर परत आला.

इथे मार्जिन मुद्दाम स्थिर धरले आहे. प्रत्यक्षात पडझडीत चढउतार वाढले की व्हॅर मार्जिनही चढते, आणि नेमकी तेव्हाच जास्त विक्री करावी लागते. मार्जिन रोख न देता जुने शेअर गहाण ठेवून दिले असेल, तर तेही त्याच बाजारात पडतात. तारण आणि खरेदी एकाच क्षेत्रातली असेल तर मी तरी असा व्यवहार करू देणार नाही.

पुढचा अर्ज भरून घेताना कॉलचा भाव काढून अर्जाच्या कोपऱ्यात लिहा. देणे भागिले 0.70, मग भागिले शेअरांची संख्या. आपल्या उदाहरणात पहिल्या दिवशी तो 428.57 रुपये येतो. तीन महिन्यांचे व्याज चढल्यावर तोच भाव 444 होतो, मधल्या काळात शेअर जागचा हलला नसला तरीही.