टोमॅटोचा भाव पाडतो कोण?

भाजीचा भाव कोसळला की शेतकरी म्हणतो, व्यापाऱ्यांनी पाडला. भाव भडकला की शहरातला नोकरदार म्हणतो, दलालांनी साठा केला. आरोप परस्परविरुद्ध, पण आरोपी दोन्ही वेळी तोच. निदान एवढ्यावरून तरी आरोप तपासून घ्यायला हवा. त्यासाठी 2023 सालच्या टोमॅटोसारखी चांगली केस मिळणार नाही.

त्या वर्षी मे महिन्यात नाशिक आणि जुन्नर भागात टोमॅटोला किलोमागे दोन-तीन रुपये मिळत होते. तोडणीची मजुरीही सुटत नाही म्हणून काहींनी माल रस्त्यावर ओतला, काहींनी उभ्या पिकात जनावरं सोडली. जुलैत नारायणगावच्या उपबाजारात वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांवर भाव गेला. सप्टेंबरमध्ये पिंपळगाव बसवंतला भाव पुन्हा किलोला तीन ते पाच रुपयांपर्यंत उतरला. बाजार समित्या त्याच, अडते तेच, लिलावाची पद्धतही तीच. ज्यांच्या हाती भाव पाडणं होतं, त्यांनी जुलैत तो का पाडला नाही? साठेबाजीचं म्हणावं, तर पिकलेला टोमॅटो आठवड्याभरात पाणी सोडतो. हिरवट माल शीतगृहात बारा अंशांच्या खाली ठेवला, तर तो पुढे नीट पिकतच नाही. कांद्याचा साठा होतो, टोमॅटोचा होत नाही. शिवाय अडत्याची कमाई टक्केवारीवर चालते. क्रेट ऐंशी रुपयांना गेला तर त्याच्याही पदरात फारसं काही पडत नाही.

बाजार समितीची चौकट हेच दुखणं होतं, असंही एक मत आहे. महाराष्ट्रात 2016 मध्ये फळं-भाजीपाला नियमनमुक्त झाला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदारावर आली. सुधारणा चांगलीच होती. पण सात वर्षांनी टोमॅटोने घेतलेला झोका पाहता, त्याची दोरी त्या चौकटीला बांधलेली नव्हती.

ती बांधलेली आहे लागवडीच्या तारखेला. रोपवाटिकेत महिनाभर वाढलेलं रोप शेतात लागल्यावर पहिला तोडा यायला साधारण साठ-सत्तर दिवस लागतात. म्हणजे आज बाजारात येणारा माल दोन-अडीच महिन्यांपूर्वीच ठरून गेलेला असतो. मार्च ते मे भाव पडलेले असताना अनेकांनी नवी लागण टाळली, उभ्या पिकाची फवारणी सोडली. त्यात उन्हाळ्याने फुलं गाळली आणि विषाणूजन्य रोग पसरला. कोलारकडे पांढऱ्या माशीने पीक नेलं, हिमाचलात मुसळधार पावसाने. जुलै-ऑगस्ट हे एरवीही देशात टोमॅटोच्या तुटीचे महिने. त्या खड्ड्यात हे सगळं एकदम पडलं. मग जुलैचा भाव पाहून ज्याच्याकडे पाणी होतं त्याने रोपं लावली. जुलैच्या मध्यापासून सत्तर दिवस मोजा, सप्टेंबरचा शेवट येतो. त्याआधी, जूनअखेरीस भाव चढताना लावलेला माल सप्टेंबरच्या सुरुवातीलाच येऊ लागला होता. सप्टेंबरची मंदी कोणी रचली नव्हती. हजारो शेतकऱ्यांनी एकमेकांना न विचारता, आपापल्या जागी शहाणपणाने घेतलेल्या एकाच निर्णयाची ती बेरीज होती.

आता मागणीकडे पाहू. टोमॅटो निम्म्या भावात मिळाला म्हणून कोणी दुप्पट रस्सा करत नाही, आणि महागला तरी आमटीत एखादा पडतोच. अगदीच झालं तर चिंच-आमसूल. खाणं असं जागचं फारसं हलत नसल्यामुळे आवकेतला छोटासा फरक भावात मोठा होऊन दिसतो. आवक थोडी कमी झाली, की उरलेल्या मालासाठी बोली चढत जाते आणि ज्यांना परवडत नाही ते गळाल्यावरच थांबते. थोडी जास्त झाली, की शेवटची चार क्रेट कोणालाच नको असतात, आणि संध्याकाळी त्यांना जो भाव मिळतो, त्याकडे दुसऱ्या दिवसाची बोली झुकते. माल परत नेणं शेतकऱ्याला शक्य नसतं. त्याचा तळाचा भाव तोडणी आणि गाडीभाड्याइतका असतो. त्याखाली गेला, की माल झाडावरच राहतो आणि आवक आपोआप आटते.

मागणी स्वतःहून हलते ती पंचांगाप्रमाणे. पितृपक्षात गवार, भेंडी, कारलं, अळूची पानं तेजीत जातात. भोगीला पावटा, घेवडा, गाजर उचल खातात. पण ही तारीख शेतकऱ्यालाही माहीत असते, तो लागण त्या बेताने करतो. म्हणून ही तेजी आठवड्याभराची आणि मर्यादेतली. टोमॅटोचा जुलै कोणत्याच पंचांगात नव्हता.

यावर सगळ्यात चोख प्रश्न असा येतो: शेतकऱ्याला चार रुपये आणि ग्राहकाला पंचवीस, मधले एकवीस कोण खातं? हिशेब मांडू, आकडे धरलेले आहेत, पण प्रमाण बाजारातलं आहे. क्रेटचे शेतकऱ्याला 80 रुपये मिळाले. निवड, गाडी, हमाली, अडत मिळून 70 वाढले, म्हणजे हातगाडीवाल्याला क्रेट 150 ला पडला. वीसपैकी तीन किलो फुटका-सडका जातो, सतरा विकतो. एका क्रेटमागे 300 रुपये सुटले तरच त्याचा दिवस निघतो. 450 भागिले 17, म्हणजे किलोला साडेसव्वीस. आता तेजी घ्या. शेतकऱ्याला 2000, टक्केवारीची अडत वाढल्याने मधला खर्च 200, हातगाडीवाल्याचे तेच 300. किलोला 147. मंदीत ग्राहकाचा भाव शेतकऱ्याच्या साडेसहापट, तेजीत दीडपट. आणि यात कोणीही लबाडी केलेली नाही. मधला खर्च बराचसा रुपयांत ठरलेला असतो, भावाच्या प्रमाणात नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2024 मधल्या एका अभ्यासात टोमॅटोवर खर्च होणाऱ्या ग्राहकाच्या रुपयातले सुमारे 33 पैसे शेतकऱ्याकडे जातात असं आढळलं. ती सरासरी याच दोन टोकांमधली.

लबाडी होत नाही असं मी म्हणत नाही. वजनात कटती, दोन-चार खरेदीदारांनी संगनमताने थांबवलेली बोली, उतरलेला भाव किरकोळीत उशिरा उतरवणं, हे सारं घडतं. पण त्याने किलोमागे काही रुपये हलतात. दोनाचे शंभर होत नाहीत. आणि उलट बाजूने जे म्हणतात की हा बाजाराचा नियम आहे, त्यात हात घालू नका, त्यांनी सरकारचा हात कधी उठतो ते पाहावं. 14 जुलै 2023 पासून दिल्लीत सरकारी संस्थेने टोमॅटो 90 रुपये किलोने विकले, ऑगस्टमध्ये 40 वर आणले. नेपाळहून आयातही झाली. मे महिन्यात शेतकऱ्यासाठी असा हात उठला नव्हता. मेमध्ये बाग सोडून दिली गेली नसती, तर जुलैचा खड्डा इतका खोल झाला नसता.

प्रक्रिया कारखाने काढा, हा ठरलेला उपाय इथे अर्धाच लागू पडतो. सॉसला घट्ट गराची जात लागते, आपल्या बाजारातला टोमॅटो टिकाऊ सालीचा आणि पाणीदार. कारखान्याला ठरलेल्या भावात ठरलेला माल हवा. मंदीतला उरलासुरला नको.

मग पकडायची जागा एकच, रोपवाटिका. टोमॅटोचं रोप आता बहुतेक शेतकरी ट्रेमधलं विकत घेतात, आणि त्याची नोंदणी आधी होते. जुन्नर, नाशिक, संगमनेर, कोलार, मदनपल्ले इथल्या रोपवाटिकांनी दर आठवड्याला किती रोपं गेली एवढा आकडा बाजार समितीच्या फळ्यावर लावला, तर दोन-अडीच महिन्यांनंतरची आवक आज वाचता येईल. रोग आणि पाऊस त्यात दिसणार नाहीत, म्हणून जुलैसारखी तेजी त्याने टळेलच असं नाही. सप्टेंबरसारखी मंदी मात्र पुष्कळशी टळेल, कारण तिचं बी तेजी पाहून लावलेल्या रोपांतच असतं. आज कांद्याच्या आवकेचे आकडे रोज छापून येतात. टोमॅटोच्या रोपांची मोजदाद विक्रेत्याच्या वहीतच राहते.