सहा वाजता सुरू होणारी टीका

गेल्या पावसाळ्यात एक शिक्षिका माझ्याकडे आल्या होत्या. वय ५५. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) त्यांची ८० वर्षांची आई दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहते. शाळा सुटल्यावर घरी स्वयंपाक करून बाई रोज संध्याकाळी सहा वाजता आईकडे डबा घेऊन जातात. दार उघडताच आई म्हणते, "आज पुन्हा उशीर." मग आमटी अळणी, केस कापून काय मिळवलेस, दादा जवळ असता तर ही वेळ आली नसती. दादा बंगळूरला असतो आणि रविवारी फोन करतो. बाई एकेका वाक्याला उत्तर देत, उशिराचे कारण सांगत, मिठाचा खुलासा करीत. आवाज चढे. मग दोन दिवस त्या डबा शेजारच्या मुलाबरोबर पाठवीत आणि तिसऱ्या दिवशी अपराधी मनाने पुन्हा जात. "जाणे सोडवत नाही आणि ऐकवतही नाही," असे त्या म्हणाल्या.

माझा पहिला प्रश्न होता, "आई पूर्वीपासूनच अशी आहे की अलीकडे झाली?" कारण या दोन गोष्टींची वाट वेगळी आहे. जन्मभर शांत असलेली व्यक्ती काही महिन्यांत किरकिरी झाली, पैसे चोरल्याचा आरोप करू लागली, तेच तेच विचारू लागली, तर तो स्वभाव समजू नये. स्मृतिभ्रंशाची सुरुवात तशी असू शकते. वृद्धांमधील नैराश्यही पुष्कळदा रडण्याऐवजी चिडचिडीतून दिसते. न सांगितलेली गुडघेदुखी किंवा कमी झालेले ऐकू येणेही माणसाला तिखट बनवते. आणि हा बदल एक-दोन दिवसांतच झाला असेल, सोबत भ्रम किंवा गुंगी असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा रक्तातील सोडियम घटणे अशी कारणे त्यामागे निघतात. बाईंच्या आईच्या बाबतीत मात्र उत्तर स्पष्ट होते. दहावीला ८२ टक्के मिळाले तेव्हाही "बाकीचे १८ कुठे गेले?" असेच तिने विचारले होते.

मी त्यांना वहीत आठ दिवस नोंद करायला सांगितले: किती वाजता, नेमके वाक्य कोणते, त्याआधी काय चालले होते आणि आपण काय उत्तर दिले. आठ दिवसांत ३१ शेरे भरले. त्यांतले १९ पहिल्या पंधरा मिनिटांतले होते, आणि त्या पंधरा मिनिटांत बाई बहुतेक वेळा पाठमोऱ्या, ओट्याशी डबा गरम करीत उभ्या असत. दिवसभर कोणाशीही न बोललेल्या आईला संभाषण सुरू करण्याची ही एकच रीत माहीत होती, आणि ती चालतही होती. एका शेऱ्याला मुलगी पाच मिनिटे उत्तर देत असे, सरळ "कशी आहेस?" याला मात्र "बरी" एवढेच मिळे. टीका दुखावते हे खरे, पण ती लक्ष वेधून घेते. आपण केलेला खुलासा हेच तिचे बक्षीस होऊन बसते.

म्हणून पहिला बदल ओट्याजवळ न करता खुर्चीशी केला. आल्यावर दहा मिनिटे डबा तसाच ठेवायचा, आईसमोर बसायचे आणि शाळेतली एखादी हकीकत सांगायची.

दुसरा बदल उत्तरांचा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मॅन्युअल स्मिथ यांनी १९७५ साली आलेल्या पुस्तकात यासाठी धुक्याची उपमा वापरली आहे. धुक्यात दगड फेकला तर तो कशावर आपटत नाही आणि उलटूनही येत नाही. शेऱ्यात जेवढे खरे असेल तेवढेच शांतपणे मान्य करायचे आणि तिथे थांबायचे. "हो, आज दहा मिनिटे उशीर झाला." "तुला माझे लांब केस आवडायचे." पुढे 'पण' लावायचा नाही, 'पण' म्हटले की खुलासा आलाच. स्वरात उपरोध आला तरी सारे फुकट जाते, कारण आयांना उपरोध फार लवकर ऐकू येतो.

खरेपणा शोधताना आमटीचा उलगडा झाला. रक्तदाबामुळे मीठ कमी केले होते. शिवाय वयोमानाने चव आणि गंध मंदावतात, काही औषधांनीही तोंडाची चव बदलते. म्हणजे आईला आमटी खरोखरच अळणी लागत होती. मीठ न वाढवता बाईंनी लिंबाची फोड, कोकम आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड वाढली. आमटीवरचे शेरे थांबले.

काही वाक्यांना मात्र धुके पुरत नाही. बाईंच्या मुलीने केलेल्या आंतरजातीय लग्नाविषयी आई फार कडवट बोले. तिथे सीमा हवी, आणि ती भांडणात नव्हे तर निवांत वेळी सांगावी. बाईंनी एका रविवारी सकाळी सांगितले, "आई, माझ्या मुलीच्या लग्नाबद्दल तू बोलू लागलीस की मी घरी जाईन. दुसऱ्या दिवशी सहाला येईन." या वाक्याचे दोन्ही भाग पाळावे लागतात. निघणे पाळले नाही तर ती नुसती धमकी ठरते; येणे पाळले नाही तर तो आईला सोडून दिल्याचा अनुभव ठरतो. जेवण आणि औषध आधी द्यायचे, मगच निघायचे. ती शिक्षा म्हणून रोखायची नाहीत.

पहिले दोन आठवडे परिस्थिती बिघडली. हे अपेक्षितच असते, कारण नेहमीची किल्ली लागली नाही की माणूस ती जोरात फिरवतो. आईने दादाला फोन करून "ही आता माझ्याशी धड बोलतही नाही" असे सांगितले. बाराव्या दिवशी बाई थकल्या होत्या. लग्नाचा विषय निघाला आणि त्या उठून जाण्याऐवजी तासभर भांडल्या. अशी एखादी चूक होतेच, पण तिची किंमत मोठी असते. दहा वेळा न मिळालेले उत्तर अकराव्या वेळी मिळाले, तर खटपट करण्याची चिकाटी वाढते. आम्ही दादालाही एक काम दिले: फोन रविवारऐवजी रोज साडेपाचला, पाचच मिनिटे.

या अंकाच्या वाचकांत अशा आयाही असतील. मुलाचे तोंडावर कौतुक करू नये, दृष्ट लागते, असे मानणाऱ्या घरांत आपण वाढलो. चूक दाखवणे हीच माया होती. मुलगी मात्र त्या शेऱ्यामागची माया ऐकू शकत नाही. तिला फक्त शेरा ऐकू येतो. "उशीर झाला" यामागे "वाट पाहत होते" असेल, तर ते दुसरे वाक्य बोलायला हरकत नाही.

सहा आठवड्यांनी पुन्हा आठ दिवसांची नोंद केली. शेरे १४ होते आणि उठून निघण्याची वेळ एकदाच आली. आई गोड झालेली नाही, होणारही नाही. केसांचा विषय अजून निघतो. मागच्या भेटीत बाईंनी सांगितले, त्या निघून गेल्या होत्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सहाला पोहोचल्या, तेव्हा आईने खुर्ची आधीच दाराजवळ ओढून ठेवली होती. "पाच मिनिटे आधी आलीस," ती म्हणाली. ते कौतुक होते की तक्रार, हे बाईंना अजून ठरवता आलेले नाही.