न वटलेला चेक आणि नोटिशीतील आकडा

सन 2025 च्या सप्टेंबर महिन्याच्या 19 तारखेस सर्वोच्च न्यायालयाने ‘कावेरी प्लास्टिक्स’ या प्रकरणात जो निकाल दिला, तो घरचा देण्याघेण्याचा व्यवहार पाहणाऱ्या प्रत्येकाने ध्यानी ठेवण्याजोगा आहे. चेक होता एक कोटी रुपयांचा. तो न वटता परत आला. घेणेकऱ्याने 2012 साली रीतसर नोटीस धाडली. तीत चेकचा तपशीलही दिला. परंतु मागणी करताना दोन कोटी रुपये द्या असे लिहिले गेले. टंकलेखनातील चूक, असे पुढे सांगण्यात आले. न्यायालयाने ते मानले नाही. ज्या कलमाने माणूस तुरुंगात जाऊ शकतो, त्या कलमाची अट अक्षरशः पाळली गेली पाहिजे, असे म्हणून ती नोटीसच निरर्थक ठरविली आणि तिच्याबरोबर फिर्यादही गेली. तेव्हा सरन्यायाधीशपदी आपल्या अमरावतीचेच न्यायमूर्ती भूषण गवई होते व त्या दोघा न्यायमूर्तींच्या पीठावर तेही होते. म्हणून वऱ्हाडातील वाचकांस या निकालाची आठवण विशेष राहील, अशी आम्हांस आशा आहे.

या निकालाचे स्मरण होण्यास निमित्त असे घडले की, अमरावतीच्या एका वाचक-कुटुंबाने आपल्या नोटिशीचा मसुदा आमच्याकडे पाहावयास धाडला. नावे सांगण्याचे प्रयोजन नाही. घरची शेती आहे. तूर अकोल्याच्या एका डाळमिलवाल्यास विकली. बरीचशी रक्कम वेळेवर आली, आणि उरलेल्या 2,40,000 रुपयांचा चेक त्याने थोरल्या बंधूंच्या नावे दिला. तो परत आला. तेव्हा घरातील एका तरुणाने, मन क्षुब्ध असताना, एका बैठकीत नोटीस लिहून काढली. तीत आवेश भरपूर होता, पण तारखा जागेवर नव्हत्या.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात पाहू. परक्राम्य दस्तऐवजांच्या कायद्यातील कलम 138 हे 1 एप्रिल 1989 पासून अमलात आहे. चेक परत आल्याची बातमी बँकेकडून मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत लेखी मागणी करावयाची. ही मुदत पूर्वी 15 दिवसांची होती, ती 2002 च्या दुरुस्तीने वाढली. नोटीस हाती पडल्यापासून देणेकऱ्यास 15 दिवसांची सवड. त्या सवडीत त्याने पैसे दिले नाहीत तरच गुन्हा पुरा होतो, आणि तेथून एक महिन्यात फिर्याद दाखल करावयाची. नोटिशीचा ठरावीक नमुना कायद्याने दिलेला नाही. ती वकिलानेच द्यावी असेही नाही. ज्याच्या नावे चेक आहे त्याने स्वतः दिली तरी चालते. मात्र एकत्र कुटुंबात पत्रव्यवहार एकजण करतो आणि चेक दुसऱ्याच्या नावे असतो, असे नेहमी घडते. म्हणून नोटीस चेक-धारकाच्याच नावाने निघाली पाहिजे. प्रस्तुत मसुद्यात ‘आम्ही सर्व कुटुंबीय’ अशी सुरुवात होती; ती काढून थोरल्या बंधूंचे नाव घालावे लागले.

मसुद्यातील पहिला दोष तारखेचा. चेकवर 03-11-2025 असे आकडे होते, म्हणजे 3 नोव्हेंबर. लिहिणाऱ्याने महिना आधी वाचून ‘11 मार्चचा चेक’ असे लिहिले. ही चूक दिसावयास क्षुल्लक, पण तिचा परिणाम पाहा. 1 एप्रिल 2012 पासून रिझर्व्ह बँकेच्या आज्ञेने चेक त्याच्या तारखेपासून तीनच महिने वटविता येतो. मार्चचा चेक नोव्हेंबरात भरला, असे नोटीसच म्हणू लागली, तर चेकची मुदत संपली होती हे आपण आपल्याच हाताने लिहून दिल्यासारखे झाले. प्रतिपक्षाचा वकील दुसरे काही शोधावयास जाईल कशाला?

दुसरी गल्लत अशी की, चेक बँकेत भरल्याची तारीख, तो परत गेल्याची तारीख आणि ती बातमी घरी पोचल्याची तारीख या तिन्ही एकच धरल्या होत्या. वस्तुतः चेक 10 नोव्हेंबरला अमरावतीच्या शाखेत भरला गेला, खात्यात पुरेशी रक्कम नाही असे कारण लिहिलेला बँकेचा मेमो 12 तारखेचा होता, आणि तो हाती आला 14 तारखेस. तीस दिवस मोजावयाचे ते या शेवटच्या तारखेपासून, आणि तो दिवस वगळून. म्हणजे अखेरचा दिवस 14 डिसेंबर. तो रविवार निघाला. म्हणून आम्ही सुचविले की, मोजणी मेमोच्या तारखेपासूनच करावी आणि 12 डिसेंबर हीच मर्यादा मानावी. बातमी आपणांस कोणत्या दिवशी मिळाली, हे पुढे सिद्ध करण्याचा त्रास त्यामुळे उरत नाही. नोटीस या मुदतीत टपालात पडली म्हणजे पुरे. ती त्या दिवसांत पोचलीच पाहिजे असे नाही.

आता आकड्याकडे वळू. मसुद्यात एकूण 3,10,000 रुपयांची मागणी होती. विचारता कळले की, चेकचे 2,40,000, व्याजाचे 15,000, मनस्तापाबद्दल 50,000 आणि नोटिशीच्या खर्चाचे 5,000 अशी ती बेरीज. कायदा मागणी करावयास सांगतो ती ‘सदर रकमेची’, म्हणजे चेकवरील रकमेची. 2007 साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात चेक एक लाखाचा आणि नोटिशीत मागणी 8,72,409 रुपये या साऱ्या थकबाकीची होती. ती नोटीस टिकली नाही. उलट 2000 सालच्या ‘सुमन सेठी’ प्रकरणात न्यायालयाने असेही म्हटले आहे की, चेकची रक्कम स्पष्टपणे मागून व्याज व खर्च निराळे दाखविले असतील तर त्या अधिक मागणीने नोटीस बिघडत नाही. म्हणजे भीती अधिक मागण्याची नसून सरमिसळ करण्याची आहे. बेरजेत चेकचा आकडा बुडून गेला, की देणेकरी विचारू शकतो, ‘मी नेमके किती दिले असते म्हणजे सुटलो असतो?’ या प्रश्नाचे उत्तर नोटिशीतच मिळाले पाहिजे. आमचा स्वतःचा कल असा की, या नोटिशीत चेकखेरीज काहीच मागू नये; व्याजाचा हक्क राखून ठेवतो एवढे एक वाक्य पुरते. मनस्तापाची किंमत तर लिहूच नये.

येथे एक पोटप्रश्न. चेक दिल्यानंतर आणि तो बँकेत भरण्यापूर्वी देणेकऱ्याने काही रक्कम रोख दिली असेल तर? मग चेकचा पूर्ण आकडा हे खरे देणे उरत नाही. 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अशी अंशतः फेड चेकवर नोंदविल्यावाचून पूर्ण रकमेसाठी चेक भरल्यास कलम 138 लागू होत नाही. सुदैवाने प्रस्तुत कुटुंबाचा तसा व्यवहार नव्हता. तरी आम्ही पासबुक व मोबाइलवरून आलेल्या रकमांची यादी दोन्ही पडताळावयास लावली.

मुदतीचे वाक्य मसुद्यात असे होते: ‘आजपासून सात दिवसांत पैसे न दिल्यास पोलिसांकरवी अटक करवू, 420 लावू आणि तुमची अब्रू अकोल्याच्या बाजारात चव्हाट्यावर मांडू.’ या एका वाक्यात चार दोष आहेत. मुदत सात दिवसांची नव्हे, पंधरांची. ती लिहिल्यापासून नव्हे, नोटीस मिळाल्यापासून. ‘420’ हे भारतीय दंड संहितेतील कलम 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेने मागे सारले आहे. आणि चेकच्या गुन्ह्याची दखल न्यायालय चेक-धारकाच्या लेखी फिर्यादीवरूनच घेते, पोलिसांनी उठून अटक करावी असा हा गुन्हाच नव्हे. अब्रूचे शब्द तर उलटण्याजोगे. ही नोटीस पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे पुरावा म्हणून ठेवली जावयाची असते. तेव्हा ती वाचणारा खरा वाचक अकोल्याचा व्यापारी नसून न्यायासनावरील मनुष्य होय, असे समजून लिहावे.

सुधारलेला मसुदा येणेप्रमाणे झाला: ‘आपण मला तुरीच्या किमतीपैकी देणे असलेल्या रकमेबद्दल दि. 3 नोव्हेंबर 2025 रोजीचा 2,40,000 रुपयांचा (अक्षरी दोन लाख चाळीस हजार) चेक दिला. तो मी दि. 10 नोव्हेंबर 2025 रोजी माझ्या अमरावती येथील खात्यात भरला. खात्यात पुरेशी रक्कम नाही या कारणास्तव तो परत आल्याचा दि. 12 नोव्हेंबरचा मेमो मला दि. 14 नोव्हेंबर रोजी मिळाला. सदर चेकची रक्कम 2,40,000 रुपये ही नोटीस आपणांस मिळाल्यापासून 15 दिवसांच्या आत मला द्यावी. न दिल्यास मला कलम 138 अन्वये फिर्याद करावी लागेल. व्याज व खर्च मागण्याचा माझा हक्क मी राखून ठेवतो.’ यांत चेकचा क्रमांक, दोन्ही बँकांच्या शाखा आणि पैसे कोणत्या खात्यात भरावेत तो तपशील तेवढा घातला. चेक मिलच्या खात्यावरचा असल्याने नोटीस मिलच्या नावाने आणि सही करणाऱ्या भागीदाराच्या नावानेही काढली.

ही नोटीस 21 नोव्हेंबरला पोचपावतीसह स्पीड पोस्टाने गेली व 26 ला अकोल्यास पोचली. बरोबर पत्त्यावर धाडलेली नोटीस देणेकऱ्याने घेण्याचे टाळले, तरी ती पोचली असे न्यायालय गृहीत धरते. ते 2007 पासून निश्चित झालेले आहे. म्हणून पत्ता चेक, बिल आणि मिलची पाटी तिन्हींवरून जुळवून पाहावा. 26 तारीख वगळून पंधरावा दिवस 11 डिसेंबर. त्या दिवसाच्या आत फिर्याद केली तर ती अपुऱ्या दिवसांची म्हणून फेटाळली जाते. 12 डिसेंबरला फिर्यादीचे कारण उत्पन्न होते, आणि तो दिवसही वगळून महिना मोजता शेवटची तारीख 12 जानेवारी 2026 येते. फिर्याद अकोल्यास नव्हे, अमरावतीस. कारण 2015 च्या दुरुस्तीनंतर चेक-धारकाचे खाते ज्या शाखेत आहे तेथील न्यायालयास अधिकार असतो.

आणि तीस दिवस हातचे निघून गेले असते तर? चेकची मुदत शिल्लक असेतो तो पुन्हा बँकेत भरावा, पुन्हा परत आल्यास नव्याने नोटीस द्यावी. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने यास मान्यता दिली आहे. या कुटुंबापुरती ती वाट फेब्रुवारी 2026 च्या आरंभापर्यंतच खुली होती. त्यानंतर मात्र मालाच्या किमतीचा दिवाणी दावा एवढाच मार्ग, आणि त्याची मुदत तीन वर्षांची.