डोळे उसने, हात कायमचे

'अ‍ॅक्सेसिबिलिटी परमिशन कुणालाही, कधीही देऊ नका' असा एक संदेश अधूनमधून आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर येतो. त्याच ग्रुपवर कुणाचा तरी भाचा मावशीला सांगत असतो, 'काही होत नाही, Allow दाब.' माझं भांडण या दोघांशीही आहे. एक जण घाबरवतो, दुसरा थोपटतो. ती परमिशन नेमकं काय देते, हे दोघांपैकी एकही सांगत नाही.

नातेवाइकांचे फोन लांबून दुरुस्त करण्याचं बिनपगारी काम मी बरीच वर्षं करतो. त्यासाठी समोरच्याच्या फोनवर एक ॲप लागतं. त्या ॲपला दोन वेगळ्या गोष्टी हव्या असतात: तुमच्या स्क्रीनवर काय चाललंय ते पाहणं, आणि त्या स्क्रीनला हात लावणं. पैकी पाहण्याची सोय अँड्रॉइडने बऱ्यापैकी नीट केली आहे. स्क्रीन दाखवायची का, हे फोन दर वेळी विचारतो. सत्र संपलं की ती परवानगीही संपते. उद्या पुन्हा पाहायचं तर पुन्हा विचारावं लागतं.

हात लावण्याचं मात्र तसं नाही. अँड्रॉइडमध्ये एक ॲप दुसऱ्या ॲपवर बोट ठेवू शकत नाही, आणि हा नियम चांगलाच आहे. स्पर्श घडवण्याची थेट परवानगी, INJECT_EVENTS, सामान्य ॲपला मिळतच नाही. ती फोन बनवणाऱ्याच्या सहीच्या ॲपसाठी राखून ठेवलेली आहे. काही दूरमदतीच्या कंपन्यांनी काही उत्पादकांकडून तशी सही मिळवलेली असते, तेवढ्या फोनांपुरतं काम भागतं. बाकी सगळ्यांसाठी एकच दार उरतं: अ‍ॅक्सेसिबिलिटी सर्व्हिस. दृष्टिहीनांना स्क्रीन वाचून दाखवता यावी, ज्यांचे हात चालत नाहीत त्यांना बटणं दाबता यावीत, यासाठी केलेलं हे दार. २०१६च्या अँड्रॉइड ७पासून या दारातून कुठेही टॅप करता येतं, बोट ओढता येतं.

'पण हात कशाला लावायला हवा? बघून तोंडी सांगा की,' असं काही जण म्हणतात. त्यांनी ते एकदा करून पाहावं. मिरजेच्या माझ्या काकूंच्या फोनवर दर दहा मिनिटांनी 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे' अशी सूचना येत होती. व्हायरस वगैरे काही नव्हता. कुठल्याशा संकेतस्थळाने 'सूचना पाठवू का?' असं विचारलं होतं आणि काकूंनी हो म्हटलं होतं. उपाय सोपा: ती सूचना दाबून धरायची आणि त्या संकेतस्थळाच्या सूचना बंद करायच्या. पण काकूंचा हात थरथरतो. दाबून धरायला गेल्या की बोट सरकतं आणि सूचना उडून जाते, नाहीतर नुसता टॅप होतो आणि तेच भामटं पान उघडतं. मला पुण्यात बसून सगळं दिसत होतं आणि करता काहीच येत नव्हतं. शेवटी काकूंनी ती परमिशन चालू केली आणि काम पाच मिनिटांत आटोपलं. जाता जाता मी स्पर्श किती वेळ धरला म्हणजे 'दाबून धरलं' असं मानायचं, तो अवधीही वाढवून ठेवला. मदतनीसाला ही परमिशन लागते ती एवढ्यासाठी. ज्याला सांगून करता येत नाही, त्यालाच बहुधा मदतीची गरज असते.

आता ती काय देते ते पाहू. चालू करताना फोन स्वच्छ इंग्रजीत विचारतो: 'Allow … to have full control of your device?' हे शब्द वाढवून लिहिलेले नाहीत. अशी सर्व्हिस उघड्या खिडकीतला मजकूर चित्र म्हणून नव्हे, अक्षरं म्हणून वाचू शकते: बटणांची नावं, संदेशांतली वाक्यं, आलेला ओटीपी. कुठलं बटण दाबलं गेलं ते तिला कळू शकतं. चौकटीत मजकूर भरणं, टॅप करणं, मागे जाणं, सूचनांचा पडदा खाली ओढणं, हेही जमतं. पासवर्ड बहुधा ठिपक्यांच्या रूपातच दिसतो, आणि बँकेची ॲप्स आपला पडदा सामायिक स्क्रीनवर काळा करतात. पण काळा पडदा डोळ्यांपुरता असतो. त्यामागची अक्षरं सर्व्हिसपासून लपवायची वेगळी सोय अँड्रॉइड १४मध्ये आली, आणि ती ॲप बनवणाऱ्याने वापरली तरच लागू होते.

कॅमेरा, माइक, फाइली या परवानगीत येत नाहीत. त्याचा दिलासा मर्यादितच आहे, कारण हात असलेल्याला त्या परवानग्यांच्या चौकटीवरचं 'हो'सुद्धा दाबता येतं. बँकेचे पैसे पळवणारे मालवेअर नेमकं हेच करतात: आधी ही एक परमिशन मागतात, मग बाकीच्या स्वतःच मंजूर करून घेतात.

माझी खरी तक्रार इथे आहे. पाहण्याची परवानगी सत्रागणिक मागितली जाते. हात लावण्याची एकदाच मागितली जाते आणि कुणी बंद करेपर्यंत चालूच राहते. फोन बंद करून सुरू केला तरी ती टिकते. स्क्रीन दिली जात असताना निदान खूण दिसते. इथे तर ही सर्व्हिस चालू असल्याची सतत दिसणारी खूणही नाही. ज्याचा धोका जास्त, त्याची मुदत जास्त, हा उलटा न्याय झाला. 'फक्त स्पर्श, फक्त या सत्रापुरता' अशी अरुंद परवानगी अँड्रॉइडमध्ये असती, तर काकूंना घरात सुतार यावा म्हणून तिजोरीसकट सगळ्या किल्ल्या द्याव्या लागल्या नसत्या.

गूगलने काहीच केलं नाही असं नाही. अँड्रॉइड १३पासून, संदेशातल्या दुव्यावरून वगैरे उतरवलेल्या ॲपला ही परमिशन सहज मिळत नाही; आधी 'Allow restricted settings' हे वेगळं शोधून दाबावं लागतं. अँड्रॉइड १६ तर संपर्कयादीत नसलेल्या नंबरशी बोलणं चालू असताना ही परमिशन देणंच अडवतो. दोन्ही उपाय भामट्याला ओळखून केलेले आहेत आणि चांगले आहेत. पण ते दारावरचे पहारेकरी झाले. आत आलेला हात काम संपल्यावर बाहेर जातो की नाही, हे कोण पाहणार?

तोवर ती जबाबदारी मदतनीसाचीच. २०१९च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेने दूरनियंत्रणाच्या ॲपवरून होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केलं, तेव्हापासून चर्चा 'देऊ नका' एवढ्यावरच अडली आहे. मला विचाराल तर प्रश्न 'कुणाला' आणि 'किती वेळ' असा हवा. मदतीसाठी फोन तुम्ही केलात का? ॲप प्ले स्टोअरवरूनच घेतलं का? समोरचा restricted settings उघडायला सांगत असेल तर बोलणं तिथेच संपवा. आणि मदतनीसाने काम झाल्यावर निरोप घेण्याआधी Settings > Accessibility > Downloaded apps (सॅमसंगवर Installed apps) इथे जाऊन आपल्या ॲपचं बटण समोरच्याला स्वतःच्या बोटाने बंद करायला लावावं. थरथरत्या हातालाही एवढं जमतं. ज्याला याचा कंटाळा येतो, त्याने 'काही होत नाही, Allow दाब' असं सांगू नये.