सिंहगड, घोरपड आणि आपलं भांडण

परवा आमच्या गावात शिवजयंतीनिमित्त वक्तृत्व स्पर्धा झाली. आमच्या गल्लीतली आठवीतली मुलगी तानाजी मालुसऱ्यांवर बोलली आणि छान बोलली. बोलता बोलता तिने सांगितलं की कोंढाण्याला सिंहगड हे नाव तानाजी पडल्यावर मिळालं नाही, ते आधीपासून होतं. झालं! परीक्षक माइकवर आले आणि म्हणाले, "बाळ, एवढ्या मोठ्या बलिदानाची टिंगल करू नये." पोरगी रडत खाली उतरली. मागच्या रांगेतून एक काका तिच्या बाजूने ओरडले, "हरिभाऊंनी सगळं खोटं लिहून ठेवलंय, ते पुस्तकच बाद करा!"

मला दोघांचाही राग आला, म्हणून हे लिहितोय.

आधी त्या पोरीचं. ती बरोबर होती. तानाजी पडले 4 फेब्रुवारी 1670 च्या रात्री. शिवाजी महाराजांचं एप्रिल 1663 चं पत्र आहे, त्यात या गडाचा उल्लेख सिंहगड असाच येतो. म्हणजे सात वर्षं आधी. यात मतभेदाला जागा नाही, तारीख तारीख असते. टिंगल झाली असेल तर ती त्या पोरीच्या अभ्यासाची झाली.

आता काकांचं. 'गड आला पण सिंह गेला' ही हरिभाऊ आपट्यांची कादंबरी आहे. मुखपृष्ठावर 'कादंबरी' असं लिहून विकलेल्या वस्तूला खोटं म्हणायचं म्हणजे नाटकातल्या राजाला आधार कार्ड मागण्यासारखं आहे. पण "कादंबरीच आहे हो, सोडा की" हेसुद्धा मला मान्य नाही. कादंबरीत काय वाकवलंय हे विचारायलाच हवं. फक्त नीट विचारायला हवं, एकेक गोष्ट वेगळी काढून.

त्यासाठी आधी जुन्यात जुनं काय आहे ते बघा. सभासदाची बखर घ्या. शिवाजी महाराजांच्या पदरी काम केलेल्या माणसाने सतराव्या शतकाच्या शेवटी जिंजीला बसून राजाराम महाराजांसाठी लिहिलेली. तीही घटनेनंतर पंचवीसेक वर्षांनी लिहिलेली, हे ध्यानात ठेवायचं. त्यात तानाजी पाचशे मावळे घेऊन गडाखाली जातात. दोन निवडक मावळे रात्री वानरासारखे कडा चढतात, माळ म्हणजे शिडी लावतात आणि मग बाकीचे वर येतात. उदयभान आणि तानाजी समोरासमोर लढतात, दोघेही पडतात, धाकटे भाऊ सूर्याजी लोकांना सावरून गड घेतात. महाराजांचे उद्गार तिथेही आहेत, पण त्यात सिंह नाही. एक गड मिळाला आणि एक गड गेला, असा त्यांचा भाव आहे. तानाजी हाच एक गड! मला विचाराल तर हे सिंहापेक्षा जड आहे.

आता एकेक बदल या तराजूत घालू.

पहिला, रायबाचं लग्न. ते सभासदात नाही, तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून आलं. पण कुठलंही कागदपत्र ते नाकारतही नाही. जिथे इतिहास गप्प आहे तिथे शाहीर आणि कादंबरीकार बोलणारच. "याला पुरावा नाही" एवढं सांगावं आणि गोष्ट ऐकावी. वाद घालण्यासारखं त्यात काही नाही.

दुसरा, यशवंती घोरपड. हीसुद्धा पोवाड्यातली. इथे प्रश्न थोडा वेगळा आहे. घोरपड काही किलोंचा प्राणी, तिच्या कमरेच्या दोराला लोंबकळून हत्यारबंद गडी कडा चढतो हे काही जमत नाही. पण तेवढ्यावर हसून मोकळं होऊ नका. घोरपड आली की श्रेय कोणाकडून कोणाकडे गेलं ते बघा. बखरीत काळोखात, हाताबोटांच्या जोरावर कडा चढणारी दोन माणसं आहेत, त्यांची नावंसुद्धा आपल्याला ठाऊक नाहीत. आपण त्यांचा पराक्रम एका जनावराला देऊन टाकला आणि जनावराचं नाव मात्र पाठ केलं. गोष्टीत घोरपड चालेल. पण त्या दोघांना विसरायला लावते, एवढं तरी बोला.

तिसरा, गडाचं नाव. हे कागदाच्या थेट विरोधात जातं. तरी कादंबरीच्या दृष्टीने मी त्याला किरकोळ म्हणतो. का? ते काढून टाका, कादंबरी उभी राहते. मित्र गेल्याचं दुःख पाटी कधी बदलली यावर टेकलेलं नाही. मात्र हीच गोष्ट गडावरच्या माहितीफलकावर किंवा शाळेच्या भाषणात 'इतिहास' म्हणून आली, तर ती साफ चूक आहे. वाक्य तेच, जागा बदलली की हिशोब बदलतो.

चौथा बदल मात्र मला खटकतो आणि त्याबद्दल कोणीच भांडत नाही. ती कमलकुमारी. हरिभाऊंच्या कादंबरीत उदयभान या राजपूत स्त्रीला बळजबरीने गडावर आणतो, लग्नासाठी तिच्या मागे लागतो आणि तिची सुटका हा कथेचा मोठा धागा होतो. बखरीत ही बाई नाही. मग गड का घेतला? जून 1665 च्या पुरंदरच्या तहात महाराजांना तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यात कोंढाणा होता. गेलेलं राज्य परत घ्यायचं होतं. सरळ राजकारण, विचारपूर्वक आखलेली मोहीम.

कमलकुमारी आली की हे कारण मागे पडतं आणि लढाई एका दुष्टाला धडा शिकवण्याची होते. दुसरं म्हणजे उदयभान हा खरा माणूस होता. आपल्या धन्याचा किल्ला राखताना लढून मेला. त्याच्यावर बाई पळवल्याचा डाग कशाच्या आधारावर? हा बदल काढून बघा, कथेचा अर्धा डोलारा खाली येतो. म्हणजे हा बदल सजावटीचा नाही, खांबाचा आहे. आणि मजा बघा, यामुळे तानाजीच लहान होतात. चाकरी चोख बजावणाऱ्या शूर शत्रूशी लढून पडणं मोठं की खलनायकाला मारणं मोठं?

हरिभाऊंची बाजूही सांगतो. गुलामीत असलेल्या वाचकाला ताठ उभं करायचं होतं आणि त्याला शेवटच्या पानापर्यंत धरूनही ठेवायचं होतं. त्या कामी कमलकुमारी उपयोगी पडली, हे मान्य. पण किंमत मोजली गेली आणि ती एका मेलेल्या माणसाच्या अब्रूतून मोजली गेली, हेही मान्य करा. दोन्ही वाक्यं एका दमात बोलता आली म्हणजे चर्चा झाली.

तेव्हा पुढच्या वेळी भांडायच्या आधी तीन गोष्टी विचारा. जुना कागद इथे गप्प आहे की नाही म्हणतोय? हा बदल काढला तर कथा उभी राहते का? आणि बदलाचं ओझं कोणा खऱ्या माणसाच्या डोक्यावर पडतं का? या तीन प्रश्नांत नावाचा वाद शेवटून पहिला येतो आणि आपण नेमके त्याच्यावरच एकमेकांची डोकी फोडतो.

त्या पोरीला मी बखर वाचायला दिली आहे. हरिभाऊंची कादंबरीही दिली आहे. दोन्ही वाच म्हटलं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच स्टेजवर उभी राहा. परीक्षक तेच असले तर उत्तमच.