‘हलाल आहे का?’ विचारण्याआधी तीन प्रकरणं वाचा

नवा आयपीओ आला की आमच्या मित्रांच्या ग्रुपवर दोन प्रश्न हमखास पडतात. पहिला, ‘जीएमपी किती चाललाय?’ म्हणजे ग्रे मार्केटमध्ये शेअरला वर किती भाव बोलला जातोय. दुसरा, ‘भाई, हलाल आहे का?’ पहिल्याचं उत्तर दोन मिनिटांत येतं. दुसऱ्यावर कुणीतरी ‘टेक कंपनी आहे, दारू-जुगार नाही, चालेल’ असं लिहितो आणि विषय संपतो.

माझा आक्षेप दुसऱ्या प्रश्नावर नाही, त्याच्या घाईवर आहे. काय विकत घेतोय हेच माहीत नसताना केलेल्या व्यवहाराला फिकहमध्ये ‘गरर’ म्हणतात. कंपनी कोणी काढली, आपला पैसा कुठे जाणार आणि उद्या जबाबदार कोण, हे न वाचता अर्ज भरला तर धंदा हलाल असूनही आपण अंधारातच खरेदी करतोय. आणि मुफ्तीसाहेबांना विचारायचं झालं, तरी त्यांच्यासमोर आधी वस्तुस्थिती ठेवावी लागते.

‘हलाल’ या एका शब्दावर भरवसा ठेवण्याची किंमत आपल्या समाजाने मोजली आहे. बंगळुरूच्या आयएमए कंपनीने हलाल गुंतवणुकीच्या नावावर पैसे गोळा केले. जून २०१९ मध्ये तिचा मालक देशाबाहेर निघून गेला आणि हजारो मुस्लिम कुटुंबांची बचत अडकली. सोनं ठेवलेल्या स्त्रिया होत्या, निवृत्तीचे पैसे ठेवलेले वडीलधारे होते. तिथे सेबीकडे दाखल केलेला प्रॉस्पेक्टस नव्हताच. आयपीओत तो असतो, फुकट मिळतो, आणि तरी आपण तो उघडत नाही.

सेबीच्या वेबसाइटवर ‘Filings’ आणि त्याखाली ‘Public Issues’ मध्ये गेलं की आधी दाखल झालेला मसुदा, म्हणजे डीआरएचपी, आणि इश्यू उघडण्यापूर्वीचा रेड हेरिंग प्रॉस्पेक्टस, म्हणजे आरएचपी, दोन्ही सापडतात. पीडीएफ शेकडो पानांची असते, पण सगळी वाचायची गरज नाही. शोधाच्या चौकटीत तीन शीर्षकं टाका: `History and Certain Corporate Matters`, `Objects of the Offer` आणि `Our Promoters`. कंपनीचा इतिहास, पैशाचा विनियोग आणि प्रवर्तक ही ती तीन प्रकरणं.

आपल्या सगळ्यांच्या फोनमध्ये असलेल्या पेटीएमचं उदाहरण घेऊ. तिचा इश्यू ८ ते १० नोव्हेंबर २०२१ या काळात खुला होता. किंमतपट्टा २,०८० ते २,१५० रुपये आणि एका लॉटमध्ये ६ शेअर. वरच्या किमतीने एका लॉटला १२,९०० रुपये लागत होते.

इतिहासाचं प्रकरण उघडलं की पहिला धक्का बसतो. ‘पेटीएम’ नावाची कंपनी शेअर विकतच नव्हती. विकणारी कंपनी होती वन९७ कम्युनिकेशन्स, डिसेंबर २००० मध्ये नोंदलेली. मोबाइल कंपन्यांना मजकूर आणि इतर सेवा पुरवणं हा तिचा सुरुवातीचा धंदा. पेटीएम नंतर आलं. याच प्रकरणात कंपनीच्या घटनापत्रातली मुख्य उद्दिष्टं दिलेली असतात, म्हणजे कंपनी कुठला धंदा करू शकते. इश्यूतल्या पैशाचं काय करणार, ही वेगळी उद्दिष्टं वेगळ्या प्रकरणात असतात. दोन्हींना इंग्रजीत एकच शब्द असल्याने गल्लत होते.

पण सर्वांत महत्त्वाचं होतं ते समूहाच्या रचनेत. पेटीएम पेमेंट्स बँक ही वन९७ची उपकंपनी नव्हती, सहयोगी कंपनी होती. वन९७चा तिच्यात ४९ टक्के वाटा होता आणि उरलेले ५१ टक्के संस्थापक विजय शेखर शर्मा यांच्याकडे. ग्राहकाला ॲप एकच दिसतं, पण त्यातलं वॉलेट ज्या बँकेचं, तिच्यावर शेअर विकणाऱ्या कंपनीची बहुमताची मालकी नव्हती. ११ मार्च २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने या बँकेला नवे ग्राहक घेण्यास मनाई केली आणि ३१ जानेवारी २०२४ च्या आदेशाने तिचे बहुतेक व्यवहार थांबवले. तेव्हा फटका वन९७च्या शेअरला बसला. असा आदेश येईल हे २०२१ मध्ये कुणाला ठाऊक नव्हतं. मात्र धंद्याचा एक मोठा खांब दुसऱ्या कंपनीच्या जागेवर उभा आहे, हे कागदावर लिहिलेलं होतं.

दुसरं प्रकरण पैशाचं. इश्यू एकूण १८,३०० कोटींचा होता. त्यातले ८,३०० कोटी नव्या शेअरचे, म्हणजे कंपनीच्या तिजोरीत जाणारे. उरलेले १०,००० कोटी ‘ऑफर फॉर सेल’चे. ही रक्कम कंपनीला मिळत नाही, आपले जुने शेअर विकणाऱ्यांच्या खिशात जाते. सर्वांत मोठा विक्रेता होता चीनच्या अँट समूहाची अँटफिन, सुमारे ४,७०० कोटींचा. सॉफ्टबँकेचा फंड होता, अलीबाबा होती आणि सुमारे ४०० कोटींचे शेअर विकणारे संस्थापकही होते.

हे आपल्या १२,९०० रुपयांवर लावून बघा. सुमारे ७,०५० रुपये जुन्या भागधारकांना गेले. कंपनीकडे पोचले ते सुमारे ५,८५०. त्यातले साधारण ३,०३० रुपये ग्राहक आणि व्यापारी वाढवण्यासाठी, कारण त्यासाठी ४,३०० कोटी राखले होते. साधारण १,४१० रुपये नवे उपक्रम, कंपन्यांची खरेदी आणि भागीदारीसाठी, त्याला २,००० कोटी होते. आणि उरलेले जवळपास तेवढेच ‘सर्वसाधारण कंपनी कामांसाठी’ आणि इश्यूच्या खर्चासाठी. कुठली कंपनी खरेदी करणार, हे ठरलेलं नव्हतं. पुढे जानेवारी २०२२ मध्ये सेबीने नियम कडक केला: न ठरलेल्या खरेदीसाठी उभारणीच्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम दाखवता येत नाही आणि सर्वसाधारण कामं धरून ही मर्यादा ३५ टक्के.

इथे माझ्या पेशातली एक सवय कामाला येते. सॉफ्टवेअरमध्ये कोडची जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी ठेवून आम्ही फक्त बदल पाहतो. डीआरएचपी आणि आरएचपी तसेच शेजारी ठेवा. जुलै २०२१ च्या मसुद्यात इश्यू १६,६०० कोटींचा होता: ८,३०० कंपनीला, ८,३०० विक्रेत्यांना. अंतिम कागदात १,७०० कोटी वाढले आणि ते सगळे विक्रेत्यांच्या बाजूला. कंपनीची गरज एका रुपयानेही वाढली नव्हती, बाहेर पडणाऱ्यांची वाढली होती.

ऑफर फॉर सेल म्हणजे फसवणूक नव्हे. २०२४ मध्ये ह्युंदाई मोटर इंडियाचा सुमारे २७,८७० कोटींचा अख्खा इश्यू तसाच होता, सगळे पैसे कोरियातल्या मूळ कंपनीला गेले. मुद्दा एवढाच की ‘कंपनीच्या वाढीत पैसा लावतोय’ असं म्हणत आपण अनेकदा कुणाच्या तरी बाहेर पडण्याचं तिकीट काढत असतो. ते माहीत असावं.

तिसरं प्रकरण प्रवर्तकांचं. पेटीएमच्या कागदात ते जवळपास रिकामं होतं: कंपनी व्यावसायिक व्यवस्थापनाखाली आहे, ओळखता येण्याजोगा प्रवर्तक नाही. प्रवर्तक असले तर इश्यूनंतरच्या भांडवलापैकी किमान २० टक्के त्यांनी धरून ठेवावे लागतात, सर्वसाधारणपणे १८ महिने. प्रवर्तकच नसेल तर ही अट कुणाला लावणार? शिवाय प्रवर्तकाला किंवा १० टक्क्यांहून जास्त वाटा असलेल्या संचालकाला कर्मचारी म्हणून ईसॉप घेता येत नाहीत. इश्यूआधी शर्मांचे काही शेअर कौटुंबिक ट्रस्टकडे गेले आणि त्यांचा थेट वाटा १० टक्क्यांखाली आला. नंतर त्यांना २.१ कोटी ईसॉप मिळाले. सेबीने त्यावर नोटीस काढली. २०२५ मध्ये आरोप मान्य किंवा अमान्य न करता तडजोड झाली आणि त्यांनी ते सगळे ईसॉप सोडले. चार वर्षांनी जे प्रकरण मिटलं, त्याचं मूळ ‘प्रवर्तक नाही’ या ओळीत होतं.

१८ नोव्हेंबर २०२१ रोजी शेअर बाजारात आला आणि पहिल्याच दिवशी सुमारे २७ टक्के खाली, १,५६४ रुपयांच्या आसपास बंद झाला. १२,९०० चे जवळपास ९,४०० झाले. हे प्रॉस्पेक्टसमध्ये लिहिलेलं नव्हतं, असूही शकत नाही. किंमत बरोबर आहे की नाही हे तो सांगत नाही. सेबीने कागद पाहिला म्हणजे इश्यूची शिफारस केली असंही नाही, तसा खुलासा त्यातच असतो. आणि प्रॉस्पेक्टस कंपनीच लिहिते, त्यामुळे भाषा तिच्या सोयीची असते. पण खोटं लिहिल्यास कायदेशीर जबाबदारी येते, म्हणून नकोशी माहितीही आत कुठेतरी द्यावीच लागते. २०२०-२१ मध्ये १,७०१ कोटींचा तोटा झाला हेही त्यात होतंच.

आता पुन्हा ‘हलाल आहे का?’ कडे येऊ. पेटीएमबद्दल आलिमांना विचारायचं असतं, तर प्रश्न असा झाला असता: कंपनी स्वतः कर्ज देत नाही, पण इतर कर्जदात्यांची व्याजाची कर्जं ॲपवरून मिळवून देण्याचं शुल्क कमावते, अशा उत्पन्नाचं काय? दुसऱ्या एखाद्या इश्यूत पैशाचा मोठा भाग बँकेचं व्याजी कर्ज फेडायला जात असेल, तर प्रश्न वेगळा: आपला पैसा कंपनीला रिबातून बाहेर काढतोय की नव्या कर्जासाठी जागा करतोय? असे प्रश्न विचारले तर आलिमांनाही नीट उत्तर देता येईल. उत्तरं वेगवेगळी येतील, ती येऊ देत.

म्हणून आमच्या ग्रुपमध्ये मी एक सूचना मांडली आहे. आयपीओची लिंक टाकणाऱ्याने तीन ओळीही लिहाव्यात: कंपनी कुठून आली, शंभरातले किती रुपये तिच्याकडे जाणार आणि कशासाठी, आणि प्रवर्तक कोण. पहिल्यांदा या तीन ओळींना तास-दीड तास लागतो, नंतर अर्ध्या तासात होतं. त्या ओळी ज्याला लिहिता येत नाहीत, त्याने त्या इश्यूत अर्ज करू नये, आणि दुसऱ्यालाही सांगू नये.