आयुक्तांची नगरी

आमच्या महाविद्यालयातील अध्यापकांच्या खोलीत परवा एक विद्वान गृहस्थ मोठ्या समाधानाने म्हणाले, "नगरसेवक नव्हते तेव्हाच शहराचा कारभार बरा चालला होता." भोवतालच्या कोणासही या उद्गाराचे नवल वाटले नाही. ज्यांनी आयुष्यभर लोकशाहीवर व्याख्याने दिली त्यांनीच माना डोलावल्या. आपल्या सुशिक्षितांच्या मनात नगरपालिकेविषयी जी तुच्छता मुरली आहे, ती आजची नव्हे. तिचे वय दीडशे वर्षांहून अधिक आहे, आणि ती केवळ मनात नाही, कायद्यात लिहिलेली आहे. हे ज्यांस अतिशयोक्तीचे वाटेल त्यांनी मुंबईचा कायदा उघडून पाहावा.

१८६५ च्या कायद्याने मुंबईचा कारभार सरकारनियुक्त जस्टिसांच्या मंडळाकडे नावापुरता आणि एका पूर्णवेळ कमिशनराकडे प्रत्यक्षात सोपविला. आर्थर क्रॉफर्ड हा पहिला कमिशनर. त्याने शहर झाडले, मोऱ्या सुधारल्या, मंडई उभारली. परंतु पैसा असा उधळला की कर वाढूनही तिजोरी तुटीत गेली. करदाते खवळले, आणि १८७१ साली त्याला पद सोडावे लागले. आता येथे विचार करण्यासारखी गोष्ट अशी की, पुष्कळांची मागणी कमिशनराचे अधिकार काढून ते समितीकडे द्यावेत अशी असता, एका तरुण पारशी बॅरिस्टराने भरसभेत तिला विरोध केला. तो बॅरिस्टर म्हणजे फिरोजशहा मेहता. त्यांचे म्हणणे असे होते की दोष एकाच्या हाती कारभार असण्यात नाही, त्याच्यावर नजर ठेवणारे लोक करदात्यांनी निवडलेले नाहीत, यात आहे. कारभारी सरकारने नेमावा, पण त्यावर करदात्यांच्या प्रतिनिधींचा व हिशेबतपासनिसाचा अंकुश असावा. म्हणजे ज्या रचनेस आज आपण परकीयांची देणगी म्हणून शिव्या देतो, तिच्या पायात आपल्याच एका थोर पुढाऱ्याची वीट आहे. हे मला सांगावयास आवडत नाही, पण सांगितले पाहिजे.

पुढे १८७२ साली चौसष्ट सभासदांपैकी बत्तीस करदात्यांनी निवडावयाचे ठरले. १८८८ च्या कायद्याने सभासद बहात्तर झाले. त्यांतील छत्तीस प्रभागांतून निवडून येत, उरलेले जस्टिस, विद्यापीठ, व्यापारी मंडळ व सरकार यांच्याकडून येत. स्थायी समिती आली, अंदाजपत्रकाची रीत ठरली. परंतु कायद्याची अंमलबजावणी करण्याची संपूर्ण कार्यकारी सत्ता कमिशनराच्या ठायी राहील, असे चौसष्टाव्या कलमात नमूद झाले. हा कमिशनर नेमणार सरकार. सभासदांना तो नको असेल तर एकूण संख्येच्या पाच-अष्टमांश मते त्याच्याविरुद्ध पडली पाहिजेत. लॉर्ड रिपनने १८८२ च्या ठरावात स्थानिक स्वराज्य हे लोकांच्या राजकीय शिक्षणाचे साधन मानले होते. पण ज्या शाळेत मुलांनी फक्त प्रश्न विचारावयाचे आणि उत्तरे सरकारने धाडलेल्या पंतोजीनेच लिहावयाची, त्या शाळेत शिक्षण कसले होणार?

आज प्रभागातील मोरी तुंबली म्हणजे नागरिक नगरसेवकाकडे जातो. नगरसेवक प्रभाग अधिकाऱ्यास पत्र लिहितो. अधिकारी आयुक्तांचा माणूस. नगरसेवकाचा त्याच्यावर हुकूम चालत नाही. मग नगरसेवकापाशी उरते काय? आर्जव करणे, सभेत गर्जना करणे, नाहीतर स्थायी समितीत एखादा ठेका अडवून ठेवणे. कोणत्याही माणसाला नकाराधिकार मात्र द्या आणि करण्याचा अधिकार देऊ नका, की तो नकाराची किंमत ठरवू लागेल. आपण त्याची ही दुकानदारी पाहतो व म्हणतो, हे लोक लायकच नाहीत. बरे झाले, आयुक्त आहेत! म्हणजे औषधानेच रोग निर्माण करावयाचा आणि रोग आहे म्हणून औषधाची मात्रा वाढवावयाची. नगरसेवक सारे सज्जन आहेत, असा माझा दावा नाही. परंतु कर्तृत्वाला जेथे जागाच नाही तेथे कर्ते पुरुष उमेदवारीस उभे का राहतील?

१९३१ मध्ये मुंबईच्या सभेच्या अध्यक्षास 'मेयर' ही पदवी मिळाली. सत्ता मिळाली नाही. स्वराज्य आले, आणि १९४९ साली आपल्याच सरकारने हीच रचना प्रांतातील इतर शहरांसाठी नव्या कायद्यात उतरवून घेतली. प्रजासत्ताक होऊन तीन आठवडेही झाले नव्हते तोच, १५ फेब्रुवारी १९५० रोजी, पुण्याची महानगरपालिका त्या कायद्याखाली अस्तित्वात आली. मुंबईखेरीज राज्यातील इतर महानगरपालिका आजही त्याच कायद्याने चालतात. मुंबई अद्याप १८८८ च्याच. गव्हर्नराच्या जागी मुख्यमंत्री बसले, एवढाच काय तो फरक.

यावर कोणी म्हणेल, चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने सारे बदलले. तिने पाच वर्षांची मुदत व वेळेवर निवडणूक यांचे बंधन घातले हे खरे. पण नगरपालिकांना अधिकार देण्याची वेळ आली तेव्हा विधिमंडळ ते 'देऊ शकेल' असे म्हणून थांबली. विधिमंडळाने शकावयाचे मनावर घेतले नाही. उलट २०१७ साली जकात गेली, आणि मुंबईचा एक मुख्य उत्पन्नाचा झरा आटून तिला राज्याकडून मिळणाऱ्या भरपाईची वाट पाहावी लागली. आणि निवडणुकीचे बंधन? मुंबईच्या सभासदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. मतदान झाले जानेवारी २०२६ मध्ये. मधल्या काळात आयुक्त हेच प्रशासक. २०२३, २०२४ व २०२५ या तिन्ही वर्षी त्यांनी आयुक्त या नात्याने अंदाजपत्रक मांडले व प्रशासक या नात्याने स्वतःच स्वीकारले. मेहतांनी ज्या अंकुशाच्या भरवशावर कमिशनराचे समर्थन केले होते तो अंकुशच नाहीसा झाला, आणि शहरात कोठे हरताळ पडला नाही. १८७१ च्या करदात्यांना आपल्यापेक्षा अधिक चाड होती, असे म्हणावयाची पाळी आली आहे.

दुसरी वाट नव्हती, असेही नाही. कलकत्त्यात सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या १९२३ च्या कायद्याने मुख्य कार्यकारी अधिकारी निवडण्याचा हक्क, सरकारच्या संमतीच्या अटीवर का होईना, महापालिकेस मिळाला. १९२४ साली चित्तरंजन दास महापौर झाले व त्यांच्या महापालिकेने त्या जागेवर सुभाषचंद्र बोस यांस नेमले. तेवढ्यानेही सरकार किती अस्वस्थ झाले असेल ते सांगावयास नको. त्याच वर्षी सुभाषबाबू अटकेत पडले. पुढे त्याच नगरीने महापौर व त्याचे सहकारी यांच्या हाती कारभार देणारी पद्धती स्वीकारली, व ती तेथे टिकली. मुंबईतही १९९८ साली अशी पद्धती आणली गेली. १९९९ मध्ये ती मोडण्यात आली. एका वर्षात कोणती संस्था पारखता येते? आमच्या महाविद्यालयात नवा अभ्यासक्रमसुद्धा एका वर्षात टाकाऊ ठरत नाही.

मी त्या विद्वान गृहस्थांस एवढेच विचारले, की मंत्री नालायक निघाले म्हणून मंत्रालय सचिवांच्या स्वाधीन करून विधानसभा चार वर्षे बंद ठेवावी, असे ते म्हणतील काय? ते म्हणाले, "ती गोष्ट निराळी." का निराळी, हे त्यांना सांगता आले नाही, घंटा झाली आणि ते तासाला गेले.